अ‍ॅड्रेस डीकोडर रॉममध्ये की पीएलएमध्ये? एका अ‍ॅरेच्या आकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

एक छोटा गट ८-बिट प्रोसेसरभोवती एक कंट्रोल चिप तयार करत होता. प्रोसेसरच्या अ‍ॅड्रेस लाइन्स १६, म्हणजे A15 ते A0. चिपवर १६ किलोबाइटची प्रोग्रॅम रॉम होती, बाहेर ४८ किलोबाइट रॅम, आणि सीरियल पोर्ट, टायमर व पॅरलल पोर्ट असे तीन पेरिफेरल. कोणता अ‍ॅड्रेस आला की कोणाला जागं करायचं, हे ठरवणारं सर्किट म्हणजे अ‍ॅड्रेस डीकोडर. हे प्रकरण त्याचंच आहे.

पहिला नकाशा सरळ होता. 0000 ते BFFF रॅम, C000 ते FFFF प्रोग्रॅम रॉम, आणि रॅमच्या शेवटच्या २५६ बाइटांवर, म्हणजे BF00 ते BFFF इथे, पेरिफेरलसाठी खिडकी. खिडकीच्या आत तिघांपैकी कोण हे एक वेगळा छोटा डीकोडर बघायचा. मुख्य डीकोडरला त्यामुळे A15 ते A8 एवढे ८ इनपुट पुरत होते आणि आउटपुट तीन होते: प्रोग्रॅम रॉम, रॅम, खिडकी.

गटाने तेव्हा रॉम निवडली. ८ इनपुट म्हणजे २५६ शब्द, प्रत्येक शब्द ३ बिटांचा, एकूण ७६८ बिट. नकाशा अजून पक्का झालेला नव्हता आणि रॉममध्ये नकाशा बदलणं म्हणजे फक्त बिट बदलणं. अ‍ॅरेचा आकार तोच राहतो. समीकरणं सोपी करायची गरज नाही, सत्यसारणी जशीच्या तशी उतरवायची. त्या टप्प्यावर हा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पीएलए, म्हणजे फक्त लागणाऱ्या पदांच्याच ओळी असलेला प्रोग्रॅमेबल लॉजिक अ‍ॅरे, यात हेच काम फार कमी जागेत झालं असतं, पण ७६८ बिटांनी कोणाचं काही अडत नव्हतं.

अडचण

पुढे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून दोन मागण्या आल्या. पहिली: तीन पेरिफेरल मिळून ४८ बाइट वापरतात, मग २५६ बाइटांची खिडकी कशाला? प्रत्येकाला नेमके १६ बाइट द्या आणि उरलेले २०८ रॅमला परत करा. दुसरी: रीसेटनंतर प्रोसेसर 0000 पासून सुरू होतो, तेव्हा तिथे वाचताना प्रोग्रॅम रॉम दिसली पाहिजे. पण त्याच अ‍ॅड्रेसवर लिहिलं तर ते खालच्या रॅममध्ये जावं, म्हणजे सुरुवातीचा कोड तिथे हवं ते भरून ठेवेल आणि मग एक फ्लिप-फ्लॉप पाडून रॉम बाजूला करेल.

मागण्या रास्त होत्या. पण १६ बाइटांपर्यंत बारकाईने बघायचं तर A7 ते A4 हेही डीकोडरला हवेत. शिवाय बूट फ्लिप-फ्लॉपचा B आणि लेखन-चक्र दाखवणारा W. इनपुट ८ वरून १४ झाले, आणि आउटपुट पाच: P प्रोग्रॅम रॉमसाठी, R रॅमसाठी, S सीरियल, T टायमर, Q पॅरलल पोर्ट.

रॉममध्ये प्रत्येक नवा इनपुट शब्दांची संख्या दुप्पट करतो. सहा इनपुट वाढले, म्हणजे सहा वेळा दुप्पट. २५६ चे १६,३८४ शब्द झाले, प्रत्येकी ५ बिट, एकूण ८१,९२० बिट. चिपवरची संपूर्ण प्रोग्रॅम रॉम १,३१,०७२ बिटांची होती. तिच्या पाच-अष्टमांश आकाराची रॉम फक्त “कोणाला जागं करायचं” एवढं सांगायला लागणार होती. आणि एवढ्या मोठ्या रॉमचं उत्तर यायला जवळपास प्रोग्रॅम रॉमइतकाच वेळ लागला असता, तोही प्रोग्रॅम रॉमच्या आधी, कारण P आल्याशिवाय वाचन सुरूच होत नाही.

जागेची मर्यादाही होती. दोन ब्लॉकच्या मधल्या फटीत डीकोडर बसवायचा होता. तिथे पीएलए ठेवला तर जास्तीत जास्त १२ ओळी मावत होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, एकच मोठी रॉम, आकडा बघताच बाद झाला.

दुसरा पर्याय रॉमचेच तुकडे करण्याचा होता, आणि तो वाटतो तितका वाईट नव्हता. P हा फक्त A15, A14, B आणि W या चारांवर अवलंबून आहे. त्याला १६ × १ ची रॉम पुरे. अ‍ॅड्रेस BF ने सुरू होतो का, हे A15 ते A8 वरून कळतं. त्याला २५६ × १. मग या दोन उत्तरांसोबत A7 ते A4 घेऊन ६ इनपुट व ४ आउटपुटची तिसरी रॉम: ६४ × ४. एकूण १६ + २५६ + २५६ = ५२८ बिट. ८१,९२० वरून ५२८, फक्त कोणता आउटपुट खरोखर कशावर अवलंबून आहे हे तपासल्यामुळे. पण तीन रॉम म्हणजे तीन वेगळे डीकोडर, तीन वेगळे ब्लॉक, आणि रॅमची निवड दोन रॉममधून एकापाठोपाठ जाणार. वेळेचं अंदाजपत्रक आधीच ओढाताणीचं होतं, म्हणून हा पर्याय बाजूला राहिला.

तिसरा पर्याय पीएलए. रॉममध्ये इनपुटची प्रत्येक शक्य जुळणी ओळखणारी ओळ असते, तिची गरज असो वा नसो. पीएलएमध्ये फक्त लागणाऱ्या गुणाकार-पदांच्या, म्हणजे काही इनपुटांच्या अँडच्या, ओळी असतात. n इनपुट, m आउटपुट आणि p पदं असतील तर प्रत्येक ओळ इनपुटच्या 2n तारा ओलांडते (प्रत्येक इनपुटची सरळ आणि उलटी) आणि आउटपुटच्या m. म्हणून छेदबिंदू:

```
(2n + m) × p
```

इथे n = 14, m = 5, म्हणजे रुंदी ३३ ठरलेली. नवा इनपुट आला तर रुंदी दोनने वाढते, दुप्पट होत नाही. प्रश्न उरला p किती, एवढाच.

तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रॉमच्या आकड्यात आपण फक्त साठवलेले बिट मोजतो, तिचा डीकोडर मोजत नाही. पीएलएच्या आकड्यात मात्र अँड आणि ऑर दोन्ही भाग येतात. म्हणजे हा हिशोब मुळातच रॉमला थोडं झुकतं माप देतो. एकदम थोडे इनपुट आणि बरीच पदं असतील तर रॉम खरोखरच लहान ठरते. १४ इनपुटांवर मात्र झुकतं मापही तिला वाचवू शकलं नाही.

पहिला प्रयत्न: १७ ओळी

गटातल्या इंजिनिअरने मागणी जशी वाचली तशी समीकरणं लिहिली. S, T, Q ला प्रत्येकी एक पद. P ला दोन: एक C000 च्या वरच्या भागासाठी, एक बूटच्या वेळी 0000 ते 3FFF मधल्या वाचनासाठी. इथपर्यंत पाच ओळी.

खरी गंमत R मध्ये होती. रॅम म्हणजे “BFFF पर्यंत सगळं, पण ते ४८ बाइट सोडून, आणि बूटच्या वेळचं खालचं वाचन सोडून”. हे “सोडून” पीएलएला फार महाग पडतं. त्या ४८ बाइटांच्या छिद्रातला प्रत्येक पेरिफेरल एका पदाने ओळखता येतो, पण छिद्राच्या बाहेर असणं एका पदाने सांगता येत नाही. 8000 ते BFFF या भागात छिद्राबाहेर असणं म्हणजे A13 शून्य, किंवा A12 शून्य, असं करत A8 पर्यंत सहा शक्यता. किंवा A7 एक, किंवा A6 एक, किंवा A5 आणि A4 दोन्ही एक. एकूण नऊ. यातली कोणतीही दोन एका पदात जोडायला गेलं की ते पद छिद्रातल्या अ‍ॅड्रेसवरही लागू होतं, म्हणून नऊच्या खाली येता येत नाही. खालच्या अर्ध्या भागासाठी आणखी तीन पदं, यात ' म्हणजे त्या इनपुटचा उलट:

```
A15' A14   +   A15' W   +   A15' B'
```

R ची १२ झाली. आधीच्या पाच धरून १७ ओळी, ३३ × १७ = ५६१ छेदबिंदू. रॉमच्या ८१,९२० पुढे हे किरकोळच, पण फटीत १२ ओळी मावत होत्या.

इथे गटाला दोन वाटा दिसत होत्या. एक, चिपचा आराखडा हलवून फट मोठी करायची. दोन, सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं की खिडकी २५६ बाइटांचीच राहू दे. मग S, T, Q च्या ओळी याच अ‍ॅरेत ठेवून R ची तीन पदं कमी झाली असती आणि एकूण १४ ओळी झाल्या असत्या. तेही १२ मध्ये बसत नाही, त्यामुळे ती वाट तशीही बंदच होती.

निर्णय: R ऐवजी R' साठवायचा

आढावा बैठकीत ज्येष्ठ डिझायनरने विचारलं, “रॅम केव्हा नाही, हे लिहून बघितलंत का?”

रॅम केव्हा नसते? प्रोग्रॅम रॉम असते तेव्हा, किंवा तिघांपैकी एखादा पेरिफेरल असतो तेव्हा. म्हणजे R' ला लागणारी पाचही पदं अ‍ॅरेमध्ये आधीच आहेत. R' साठी एकही नवी ओळ लागत नाही. फक्त त्याच्या स्तंभावर पाच जोडण्या करायच्या आणि शेवटी एक इन्व्हर्टर लावायचा. एस्प्रेसो या पदं कमी करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये तो अ‍ॅरे असा दिसतो. इनपुटचा क्रम A15 ते A4, मग B, W. आउटपुटचा क्रम P, R', S, T, Q:

```
.i 14
.o 5
11------------ 11000
00----------10 11000
101111110000-- 01100
101111110001-- 01010
101111110010-- 01001
.e
```

पाच ओळी. ३३ × ५ = १६५ छेदबिंदू. बारा पदांचा आउटपुट शून्य जादा ओळींत आला.

आउटपुट सरळ ठेवायचा की उलटा, ही निवड जुन्या काळापासून पीएलएमध्येच दिलेली असते, ती याचसाठी. सिग्नेटिक्सचा 82S100 घ्या: १६ इनपुट, ४८ पदं, ८ आउटपुट, आणि प्रत्येक आउटपुट उलटवता येण्याची सोय. १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ मध्ये अ‍ॅड्रेस डीकोडिंगसाठी अशाच १६ इनपुट, ८ आउटपुटच्या पीएलएचा वापर झाला. त्याचे दोन्ही प्लेन मिळून १,९२० छेदबिंदू होतात. तेवढ्याच इनपुट-आउटपुटची रॉम घेतली तर ५,२४,२८८ बिट.

या टप्प्यावर एक मोह टाळावा लागला. R' एकट्याला कमीत कमी पदांत लिहायचं तर S, T, Q ही तीन पदं जोडून दोन करता येतात: A5 शून्य असलेलं एक आणि A4 शून्य असलेलं दुसरं. कागदावर R' पाचऐवजी चार पदांचा होतो. पण ती दोन पदं नवी आहेत. S, T, Q ची स्वतःची तीन तर काढता येत नाहीत. अ‍ॅरे पाचवरून सात ओळींचा झाला असता. कार्नो नकाशावर एकेक आउटपुट घेऊन लहान करण्याची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. पीएलएमध्ये एका आउटपुटची पदं किती याला किंमत नाही, आणि पदात अक्षरं किती यालाही नाही. संपूर्ण अ‍ॅरेत वेगवेगळी पदं किती, तेवढंच मोजायचं. एस्प्रेसो सगळे आउटपुट एकत्र धरूनच काम करतं, पण आउटपुट उलटवून बघायला त्याला `-Dopo` देऊन मुद्दाम सांगावं लागतं. पहिल्या प्रयत्नात ते सांगितलेलं नव्हतं.

तपासणी आणि त्यात सापडलेलं

अ‍ॅरे बरोबर आहे की नाही हे बघायला १४ इनपुटच्या सगळ्या १६,३८४ जुळण्या चालवून बघता येतात, आणि गटाने तेच केलं. हाताने काढलेल्या आकड्यांशी मेळ बसला. P ५,१२० वेळा, S, T, Q प्रत्येकी ४ वेळा, उरलेल्या ११,२५२ वेळा R. आणि प्रत्येक जुळणीला पाचांपैकी नेमका एकच आउटपुट जागा होतो. ही शेवटची अट फार उपयोगी आहे. एखादी जोडणी चुकली की बहुधा कुठेतरी दोन जागे होतात किंवा एकही होत नाही.

पण ही तपासणी स्थिर इनपुटांची होती. विलंब धरून सिम्युलेशन चालवलं तेव्हा प्रोसेसर BF0F वरून BF10 वर जाताना रॅमच्या निवड-तारेवर एक बारीक पल्स दिसला. कारण उलगडायला फार वेळ लागला नाही. या दोन अ‍ॅड्रेसमध्ये अ‍ॅरेला दिसणारा बदल एकच, A4 शून्याचा एक होतो. S चं पद बंद होतं आणि T चं चालू होतं. दोन्ही वेळी R' एकच असायला हवा, पण S आधी मिटलं आणि T जरा उशिरा आलं तर मधल्या क्षणी R' शून्य होतो, म्हणजे रॅम जागी होते. त्यांची रॅम निवड-तारेच्या कडेवर अ‍ॅड्रेस पकडणारी होती. अर्धवट बदललेला अ‍ॅड्रेस तिने पकडला असता.

आधी टाळलेल्या सात ओळींच्या रूपात हा दोष नव्हता, हे इथे सांगायला हवं. A5 शून्य असलेलं जोडपद S आणि T दोघांनाही झाकतं, त्यामुळे A4 बदलताना R' हलत नाही. म्हणून कोणीतरी सुचवलं की दोन ओळी परत घेऊ, फटीत जागा आहेच.

गटाने ते घेतलं नाही, आणि कारण पटण्यासारखं आहे. अशी जादा पदं एका वेळी एकच इनपुट बदलतो तेव्हाच्या झटक्यापासून वाचवतात. अ‍ॅड्रेस बसवर एका उडीत दहा तारा बदलतात, आणि प्रत्येक शक्य उडीसाठी पदं घालता येत नाहीत. त्यांनी त्याऐवजी अ‍ॅड्रेस स्थिर झाल्यावरच येणारा स्ट्रोब E घेऊन पाचही आउटपुट त्याच्याशी अँड केले, अ‍ॅरेच्या बाहेर.

बाहेर का? E अ‍ॅरेचा पंधरावा इनपुट केला असता तर रुंदी ३५ झाली असती आणि R' साठी E' चं एक पद वाढून ६ ओळी, म्हणजे २१० छेदबिंदू. आकाराने हे परवडतं. पण मग E वर चढताना E' चं पद मिटणार आणि E असलेलं S चं पद उमटणार; त्या दोघांच्या मधे पुन्हा तीच फट. झटका काढायला आणलेला स्ट्रोबच झटका देणार. पाच अँड गेट बाहेर लावणं स्वस्त आणि खात्रीचं होतं. उलट्या आउटपुटला तर हा स्ट्रोब तसाही अटळ आहे, कारण “बाकी काही नसेल तर रॅम” असं लिहिल्यावर बस रिकामी असतानाही रॅम जागीच राहते.

परिणाम

अ‍ॅरे पाच ओळींवर न थांबवता आठ ओळींचा आखला गेला, तीन मोकळ्या. ३३ × ८ = २६४ छेदबिंदू, आणि १२ ओळींच्या फटीत आरामात. आराखडा हलवावा लागला नाही, सॉफ्टवेअरच्या दोन्ही मागण्या पूर्ण झाल्या, आणि डीकोडरचा विलंब एका अ‍ॅरेपुरता व एका गेटपुरता राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

मोकळ्या ओळी ठेवल्या, पण मोकळा आउटपुट स्तंभ ठेवला नाही. ही उणीव पुढच्याच बदलात दिसली: BF30 ते BF3F वर चौथा पेरिफेरल आला. त्याच्या पदासाठी ओळ तयार होती, R' ची जोडणीही एका बिंदूची, पण नवा आउटपुट बाहेर काढायला तारच नव्हती. अ‍ॅरे ३४ स्तंभांचा करून तो भाग पुन्हा मांडावा लागला. डीकोडरमध्ये नवी वस्तू येते ती ओळ आणि आउटपुट दोन्ही घेऊन येते. त्यामुळे तीन मोकळ्या ओळींपेक्षा दोन मोकळ्या ओळी आणि एक मोकळा स्तंभ अधिक कामाचा ठरला असता. ३४ × ७ = २३८, म्हणजे जागाही कमीच लागली असती.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या निर्णयाची. पहिल्या आवृत्तीची रॉम निवडताना “इनपुट वाढले तर काय” हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रॉम लवचिक आहे हे खरं, पण ती लवचिकता ठरलेल्या इनपुटांच्या आतली. बिट हवे तसे बदला. नववा इनपुट मागितला की सगळं दुप्पट. त्याच वेळी पीएलए केला असता तर पहिल्या नकाशाला दोनच ओळी लागल्या असत्या: एक C000 च्या वरच्या भागाची, एक खिडकीची, आणि रॅम त्या दोघींच्या उलट. ३८ छेदबिंदू. एवढ्याला दोन गेट लावा, अ‍ॅरे कशाला, असं कोणीही म्हणालं असतं, आणि त्या दिवशी ते बरोबरही ठरलं असतं.